नावेत की नावात: सामान्यरूपामागचा इतिहास

हर्णैच्या बंदरावर ‘नावेत बसला’ म्हटलं की माणूस होडीत आहे, आणि ‘नावात काय आहे’ म्हटलं की होडीचा संबंध नाही. मूळ शब्द दोन्हीकडे ‘नाव’, प्रत्ययही एकच, ‘त’. फरक आहे तो मधल्या स्वराचा. रूपविचार शिकताना विद्यार्थी ‘नाव + त’ असे दोन तुकडे करतात आणि मधे उरलेल्या ‘ए’ किंवा ‘आ’चं काय करावं, हे त्यांना कळत नाही. व्याकरणात ‘नावे’, ‘नावा’ या रूपांना सामान्यरूप म्हणतात, पण हे स्वर आले कुठून, ते इतिहासातच शोधावं लागतं.

होडीचा ‘नाव’ प्राकृतात ‘नावा’ असा आकारान्त स्त्रीलिंगी होता. अशा शब्दांच्या विभक्तिरूपांत शेवटी ‘आए’ यायचं, त्याचा मराठीत ‘ए’ झाला. दुसरा ‘नाव’ संस्कृत ‘नामन्’पासूनचा. म्हणून तर 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी तो ‘नांव’ असा लिहीत. तो अनुस्वार म्हणजे ‘म’ची खूण. कोकणीत हा शब्द अजूनही नाकातून येतो. त्याच्या षष्ठीचा जुना ‘स्स’ झिजला आणि ‘आ’ उरला. एकट्या शब्दाचा शेवटचा स्वर गळून दोन्ही ‘नाव’ सारखे झाले, पण प्रत्ययाआधी जुना भेद टिकला. ‘जिह्वा’वरून आलेल्या ‘जीभ’चं ‘जिभेला’ होतं आणि ‘भित्ति’वरून आलेल्या ‘भिंत’चं ‘भिंतीला’, तेही याच हिशेबानं. हा हिशेब सगळीकडे जुळतो असं मात्र नाही. कित्येक शब्दांनी वाटेत गट बदलले.

इंग्रजीत विभक्तिप्रत्यय जवळजवळ संपले, तरी असा अवशेष तिथेही सापडतो. ‘नाइफ’चं अनेकवचन ‘नाइव्ह्ज’ का? जुन्या इंग्रजीत अनेकवचनाच्या प्रत्ययात स्वर होता आणि दोन स्वरांमधला ‘फ’ ‘व्ह’ असा उच्चारला जाई. पुढे प्रत्ययातला स्वर गेला, ‘व्ह’ राहिला. तेव्हा ‘नाइव्ह्’ हे ‘नाइफ’चंच दुसरं रूप; वेगळा धातू नव्हे, की प्रत्ययाचा भागही नव्हे.

असा नियम आज जिवंत आहे का, हे नव्या शब्दावर कळतं. फ्रेंचमधून उशिरा आलेल्या ‘चीफ’चं ‘चीफ्स’च होतं. आपल्याकडे ‘बस’ स्त्रीलिंगी झाली, पण दापोलीच्या स्टँडवर ‘बसेत’ किंवा ‘बशीत’ चढलो असं कुणी म्हणत नाही; सगळे ‘बसमध्ये’ किंवा नुसतं ‘बसला’ म्हणतात. (‘बशीत’ म्हटलंच तर चहा आठवेल.) उलट होडीचं ‘इंजिन’ नपुंसकलिंगी, आणि ‘इंजिनात पाणी गेलं’ हे कुठल्याही खलाशाच्या तोंडून सहज निघतं. म्हणजे सामान्यरूपाचा ‘आ’ अजून नवे शब्द पोटात घेतो, स्त्रीलिंगी ‘ए’ आणि ‘ई’ मात्र ‘बस’सारख्या नव्या शब्दांना लागतातच असं नाही.