पांढरे दात: खुर्चीवरचा एक तास आणि पुढचे पंधरा दिवस

तुळशीची लग्नं लागली की इंदूरमधल्या दातांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. "लग्न दहा दिवसांवर आलंय, एका बैठकीत दात पांढरे होतील ना?" एका बैठकीत फरक दिसतो, हे खरं. पण खुर्चीवरून उठताना आरशात जेवढा पांढरेपणा दिसतो, त्यातला बराचसा ब्लीचचा नसतो. तो दात कोरडे पडल्यामुळे दिसत असतो आणि काही दिवसांत ओसरतो. ही गोष्ट आधी सांगितली जात नाही, म्हणून फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

दाताचा पिवळेपणा दोन ठिकाणी असतो. चहा, तंबाखू आणि सुपारीचे डाग वरच्या थरावर बसतात. आत मात्र डेंटीन नावाचा मूळचाच पिवळसर थर असतो आणि तो वरच्या अर्धपारदर्शक इनॅमलमधून दिसतो. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटीन जाड आणि गडद होतं, म्हणून पन्नाशीतले दात विशीतल्यापेक्षा पिवळे दिसतात. त्यात ब्रश करण्यातला आळस शोधायला जाऊ नये.

व्हाइटनिंग टूथपेस्ट यातल्या फक्त पहिल्या ठिकाणी पोहोचते. तिच्यातले बारीक कण वरचे डाग घासून काढतात. काही पेस्टमध्ये निळसर रंगद्रव्य असतं, त्यामुळे दात थोडा वेळ कमी पिवळे भासतात. आतल्या डेंटीनला पेस्टने काही होत नाही. डाग वरचेच असतील तर मला पेस्टपेक्षा एकदा नीट केलेली दातांची सफाई जास्त पटते. लिंबू-सोडा आणि कोळशाची पूड मात्र कळकळीने टाळायला सांगते. लिंबाच्या आम्लाने इनॅमल विरघळतं, खरखरीत पुडीने ते खरवडलं जातं, आणि गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. थर पातळ झाला की खालचं डेंटीन आणखी स्पष्ट दिसतं, म्हणजे काही महिन्यांनी दात आधीपेक्षाही पिवळे दिसू लागतात.

खरं ब्लीचिंग पेरॉक्साइडनेच होतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचे रेणू फार लहान असतात. ते इनॅमलमधून आत झिरपतात आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे बंध तोडतात. दातांवर चिकटवायच्या पट्ट्या, दातांच्या मापाचे घरी घालायचे ट्रे आणि खुर्चीवरचं ब्लीचिंग या तिन्हींमागे हीच क्रिया आहे. फरक आहे तो ताकदीचा आणि वेळेचा. दवाखान्यात साधारण ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल वापरतात. घरच्या ट्रेमध्ये बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं आणि त्यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. म्हणजे ताकद दहापटींनी कमी, पण ट्रे रात्रभर दातांवर राहतो, आणि दोन तासांनंतरही जेलमधलं निम्म्याहून अधिक औषध शिल्लक असतं.

खुर्चीवर आधी हिरड्यांवर एक लेप लावून तो प्रकाशाने कडक करतात, कारण एवढं तीव्र जेल हिरडीला लागलं तर ती पांढरी पडते आणि चुरचुरते. मग जेल दोन-तीन वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं लावतात. या सगळ्या वेळात ओठ ओढून धरलेले असतात, लाळ दातांपर्यंत पोहोचत नाही आणि इनॅमलमधलं पाणी उडून जातं. वाळलेल्या मातीच्या भिंतीसारखाच कोरडा दातही फिका दिसतो. पाणी परत मुरलं की रंग थोडा खाली येतो, आणि खरी छटा कळायला एक-दोन आठवडे लागतात. निळ्या दिव्याचंही असंच आहे. तो दिसायला प्रभावी असतो, पण चांगलं जेल वापरलं असेल तर दिव्यामुळे अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही. फक्त दिव्यासाठी कुणी जास्त पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, राजेंद्रनगरमधल्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचं लग्न सहा आठवड्यांवर आहे. दिवसातून चार चहा, दातांचा रंग छटांच्या पट्टीवर ए३, आणि पुढच्या एका दाताला जुनं फिलिंग. या पट्टीवर आकडा जेवढा मोठा तेवढा रंग गडद. पहिल्या आठवड्यात तपासणी आणि सफाई करायची. कीड किंवा तडा असेल तर ती दुरुस्ती आधी करायची, नाहीतर पेरॉक्साइड थेट नसेपर्यंत जातं. मग दातांचं माप घेऊन ट्रे बनवायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात रोज रात्री प्रत्येक दातासाठी जेलचा एक छोटा थेंब ट्रेमध्ये घालायचा आणि बाहेर आलेलं जेल पुसून टाकायचं.

तिसऱ्या-चौथ्या रात्री दात शिवशिवू लागण्याची बरीच शक्यता असते, कधी एखादी कळही येते. पेरॉक्साइड काही मिनिटांतच नसेपर्यंत पोहोचतं, म्हणून हे होतं. अशा वेळी एक रात्र जेल लावू नये आणि त्याऐवजी ट्रेमध्ये पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट दहा-वीस मिनिटं ठेवावी. शिवशिव बहुधा दोन-तीन दिवसांत थांबते. एकाच दातात ठणका लागला आणि थांबलाच नाही, तर ती साधी शिवशिव नसते. जेल बंद करून दाखवायला यावं.

दोन आठवड्यांनी ए३ वरून ए१ च्या आसपास पोहोचता येतं. जाहिरातीतला कागदासारखा पांढरा रंग यातून येत नाही. तो बहुतेकदा कॅप, व्हिनिअर किंवा फोटोवरच्या कामाचा असतो. खुर्चीवरच्या ब्लीचिंगने हाच टप्पा गाठायला बहुधा एकाहून जास्त बैठका लागतात आणि शिवशिव अधिक तीव्र असते. वेळ हातात असेल तर मी ट्रेच सुचवते. बाजारातल्या पट्ट्याही काम करतात, पण त्या सरळ रांगेतल्या पुढच्या दातांनाच नीट चिकटतात, आणि पाकिटावर पेरॉक्साइडचं प्रमाण छापलेलं नसेल तर त्या घेऊ नयेत.

फिलिंगचा रंग ब्लीचने बदलत नाही. आजूबाजूचे दात उजळले की ते जुनं फिलिंग डागासारखं दिसू लागतं. ते बदलायचं, पण लगेच नाही. ब्लीचनंतर दातात उरलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगची पकड कमकुवत करतो, म्हणून दोन आठवडे थांबावं लागतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं हे काम पाचव्या आठवड्याच्या शेवटी होतं. सहा आठवडे आधी या, असं मी म्हणते ते याच हिशोबाने. त्यानंतर चहा सुरूच राहिला तर रंग हळूहळू उतरतो. वर्ष-दीड वर्षाने तेच ट्रे वापरून दोन-तीन रात्री जेल लावलं की बहुधा भागतं.

दोन तऱ्हांच्या दातांना हा हिशोब लागू पडत नाही. एकच दात राखाडी झाला असेल तर बहुधा जुन्या मारामुळे त्याची नस मेलेली असते. तिथे एक्स-रे आधी, आणि गरज पडल्यास रूट कॅनॉल करून दाताच्या आतून ब्लीच. दुसरी तऱ्हा धार-झाबुआकडून येणाऱ्यांत आम्ही नेहमी पाहतो. तिथल्या बऱ्याच भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने लहानपणीच दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी ठिपके येतात. त्यांवर सरळ ब्लीच केलं तर पांढरे ठिपके सुरुवातीला आणखी उठून दिसतात. अशा दातांना वरचा अगदी पातळ थर औषधाने घासून काढायचा की ठिपक्यांत पातळ रेझिन मुरवायचं, हे ठिपके किती खोल आहेत ते पाहून ठरतं.