मेंदूची छाटणी आणि मागे बसलेला मित्र

दुचाकीवरच्या पोरांच्या अपघाताची बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: ‘25 वर्षांचे होईपर्यंत यांच्या मेंदूचे ब्रेकच तयार झालेले नसतात.’ वाक्य अगदीच खोटं नाही, म्हणून तर ते इतकं पसरतं. पण ते वाचून डोळ्यांसमोर येतो तो अर्धवट बांधलेला, अजून विटा चढायच्या राहिलेला मेंदू. प्रत्यक्षात सहाव्या वर्षापर्यंतच मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या सुमारे 90 टक्के झालेलं असतं. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जे चालतं त्यात बांधण्याइतकंच पाडणंही असतं.

हे पहिल्यांदा नीट मोजलं पीटर हुटेनलोकर या शिकागोच्या बालमेंदूविकारतज्ज्ञाने. मतिमंद मुलांच्या मेंदूत जोडण्या कमी असतील, असं त्याला वाटत होतं. तुलनेसाठी त्याने निरोगी माणसांच्या शवविच्छेदनातून मिळालेले मेंदू घेतले, त्यांच्या कपाळामागच्या भागाचे अतिपातळ काप केले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सिनॅप्स मोजत बसला. सिनॅप्स म्हणजे एक चेतापेशी दुसरीला जिथे निरोप देते ती जागा. नवजात बाळापासून 90 वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत 21 मेंदू त्याने मोजले आणि 1979 मध्ये निष्कर्ष छापले. मोठ्या माणसाच्या मेंदूत एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे एक अब्ज सिनॅप्स होते. एक-दोन वर्षांच्या बाळात त्याहून जवळजवळ 50 टक्के जास्त! पुढे सोळाव्या वर्षापर्यंत हा आकडा उतरत जात होता. मतिमंदत्वाचं कोडं बाजूलाच राहिलं, कारण निरोगी मेंदूच जास्त चक्रावणारा निघाला.

‘मुलांच्या मेंदूतल्या जोडण्या वाढवा’ अशा जाहिराती करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. जोडण्यांच्या संख्येवर अक्कल ठरत असती तर घरातले निर्णय रांगत्या बाळाने घेतले असते.

या कपातीला छाटणी म्हणतात. शब्द ऐकला की नाशिक-सांगलीकडची द्राक्षबाग आठवते. पण बागेत काडीवर किती डोळे ठेवायचे हे ठरवणारा अनुभवी हात असतो. मेंदूत असा माळी कुणीच नाही. मग कोणती जोडणी जाणार आणि कोणती राहणार हे ठरवतं कोण? मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त भुरळ पडली आहे ती याच प्रश्नाची, तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

‘वापरलं तर टिकतं, नाही तर जातं’ हे नेहमीचं उत्तर अर्धंच खरं आहे. 1960 च्या दशकात डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला. टाके काढल्यावर तो डोळा स्वतः ठीक होता, पण मेंदूच्या दृष्टिक्षेत्रातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही होत नव्हतं. खरी गंमत पुढच्या प्रयोगात आली. पिल्लाचे दोन्ही डोळे बंद ठेवले तर नुकसान दुप्पट व्हायला हवं ना? ते उलट कमी झालं! अनेक पेशी दोन्ही डोळ्यांशी जोडलेल्या राहिल्या होत्या. म्हणजे डोळा नुसता बेकार बसला म्हणून त्याच्या जोडण्या जात नाहीत. शेजारचा डोळा जास्त काम करत असतो म्हणून जातात. एकाच पेशीवरच्या जागेसाठी ही स्पर्धा असते आणि हरणाऱ्याला जागा सोडावी लागते. आळशी डोळ्याच्या मुलांना डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतात ते याचसाठी. बलवान स्पर्धकाला रोज काही तास बाजूला बसवायचं, आणि तेही लहानपणीच, स्पर्धा संपायच्या आत.

पण हरलेली जोडणी उचलून नेतो कोण? तर मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ डेल रिओ ओर्तेगा याने 1919 मध्ये त्यांना हे नाव दिलं, आणि त्यानंतर कित्येक दशकं त्या केवळ जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या सफाई कामगार मानल्या गेल्या. रक्तात जंतू शिरला की काही प्रथिनं त्याला जाऊन चिकटतात आणि भक्षक पेशी ती खूण पाहून त्याला गिळतात, हे माहीत होतंच. या प्रथिनांना पूरक प्रथिनं म्हणतात, आणि C1q आणि C3 ही त्यांतली दोन. 2007 मध्ये बेथ स्टीव्हन्स, बेन बॅरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वाढत्या मेंदूत हीच प्रथिनं सिनॅप्सवर सापडतात. ज्या उंदरांत ती बनतच नाहीत, त्यांच्यात दोन डोळ्यांकडून येणारे तंतू वेगळे व्हायला हवेत तिथे सरमिसळच राहते. मग 2012 मध्ये आणखी एक प्रयोग झाला. उंदराच्या पिल्लाच्या एका डोळ्याचे संदेश औषधाने थांबवले, दोन्ही डोळ्यांचे तंतू वेगवेगळ्या रंगांत रंगवले आणि मायक्रोग्लियाच्या पोटात कोणता रंग सापडतो ते पाहिलं. गप्प केलेल्या डोळ्याचा रंग जास्त सापडला. जंतूंसाठीची पोलीस यंत्रणाच मेंदू घडवायला वापरलेली! (C1q कमकुवत जोडणीवरच का चिकटतं याचा तपशील इथे टाळतो. तो रस्ता रेणूंच्या रानात जातो.)

हे दृष्टीच्या मार्गात, तेही उंदरांत पाहिलेलं आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या कपाळामागे नेमकं असंच चालतं, हा त्यावरून काढलेला अंदाज आहे. जिवंत मुलाच्या मेंदूत एकेक सिनॅप्स मोजता येत नाही. वेळापत्रक मात्र ठाऊक आहे. दृष्टीच्या भागात जोडण्यांचा कळस पहिल्या वर्षातच येतो आणि साधारण अकराव्या वर्षापर्यंत तिथली छाटणी आटोपते. कपाळामागचा भाग, म्हणजे बेत आखणं, थांबणं, दोन गोष्टी तोलून पाहणं ही कामं करणारा भाग, सर्वांत शेवटी. झाग्रेबच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की तिथली छाटणी विशीतही चालूच असते. म्हणजे 25 व्या वाढदिवसाला मेंदूत कोणतीही घंटा वाजत नाही.

याच वयात, पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान, स्किझोफ्रेनियाची लक्षणं बहुधा पहिल्यांदा दिसतात. छाटणी प्रमाणाबाहेर गेली तर हा आजार होत असावा, ही कल्पना 1980 च्या दशकातली. 2016 मध्ये सुमारे 65 हजार लोकांच्या जनुकांच्या अभ्यासातून C4 या आणखी एका पूरक प्रथिनाचं जनुक त्यात गुंतलेलं दिसलं. हे जनुक धोका थोडाच वाढवतं, एकट्याने आजार घडवत नाही. तरीही एकोणीस वर्षांच्या मुलाला आवाज ऐकू येऊ लागले की त्याला बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेणाऱ्यांना एवढं सांगावंसं वाटतं, की ‘बाहेरचं’ शोधायची गरज नाही. त्यात जाणारे महिने उपचारांचे असतात.

छाटणीबरोबर दुसरं काम चालतं ते मायलिनचं. चेतापेशीच्या लांब तंतूभोवती स्निग्ध आवरणाच्या गुंडाळ्या बसतात. मध्ये बारीक फटी राहतात आणि संदेश फटीवरून फटीवर उड्या मारत जातो. उघड्या तंतूत सेकंदाला मीटरभर चालणारा संदेश जाड आवरणाच्या तंतूत 100 मीटरपर्यंत धावू शकतो. पाउल फ्लेक्सिग याने लाइपझिगमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पाहिलं होतं की हे आवरण आधी संवेदना आणि हालचालींच्या भागांत चढतं, विचार जोडणाऱ्या भागांत उशिरा. एमआरआयमध्ये वाढत्या मुलांच्या मेंदूची करडी साल पातळ होताना दिसते, तेव्हा ‘बघा, छाटणी दिसली’ असं लिहिलं जातं. तिथे सावध राहावं. करड्या भागात पांढरं मायलिन शिरलं तरी स्कॅनवर ती साल पातळच दिसते.

आता पोरं आणि त्यांचे धाडस. लोकांना वाटतं यांना धोका कळत नाही. प्रयोगशाळेत शांतपणे, एकटं बसवून विचारलं तर सोळा वर्षांची मुलं मोठ्यांइतकाच तर्कशुद्ध विचार करतात. फरक कुठे पडतो ते 2011 मध्ये जेसन चेन, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. 14 किशोर, 14 नवतरुण आणि 12 प्रौढ स्कॅनरमध्ये पडून गाडी चालवण्याचा खेळ खेळले. चौकामागून चौक येतात, दिवा पिवळा होतो. थांबलात तर थोडा वेळ जातो, दामटलीत तर वेळ वाचतो, पण धडक झाली तर त्याहून जास्त वेळ जातो. एकदा एकट्याने खेळायचं, एकदा शेजारच्या खोलीतून आपले मित्र पाहताहेत हे माहीत असताना. एकटे असताना किशोर मोठ्यांसारखेच खेळले. मित्र बघत असताना मात्र त्यांनी जास्त दिवे तोडले आणि जास्त धडका दिल्या. मोठ्यांच्या खेळात फरक पडला नाही. स्कॅनमध्ये किशोरांच्या मेंदूचा बक्षिसाला चेकाळणारा भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम, मित्र असताना जास्त पेटला. ब्रेक तेवढेच होते, ॲक्सिलरेटरवर पाय जास्त पडला.

40 माणसांचा प्रयोग छोटाच. पण त्याच गटाने पुढे वयात येणाऱ्या उंदरांना दारू ठेवली. सोबत्यांच्या संगतीत ते एकट्यापेक्षा जास्त प्यायले, प्रौढ उंदीर नाही. उंदराला कुणी ‘पी ना, घाबरतोस का’ असं म्हणत नाही. नंतर भारतासह 11 देशांतल्या 10 ते 30 वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांची पाहणी झाली. थरार शोधण्याची ओढ 19 च्या सुमारास कळसाला पोचली आणि मग उतरली. स्वतःला आवरण्याची ताकद मात्र हळूहळू चढत 23 ते 26 च्या दरम्यान स्थिरावली. त्या दोन रेषांमधली काही वर्षं ती अपघाताच्या बातम्यांची.

न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला. त्यात मधल्या टप्प्यावर नवख्या चालकाला सोबत मित्र घेऊन फिरता येत नाही. आपल्याकडे शिकाऊ परवाना असेपर्यंत मोटरसायकलवर मागे फक्त शिकवणारा बसू शकतो. अठराव्या वर्षी पक्का परवाना हातात पडला, की त्याच संध्याकाळी मागे मित्र बसतो.