चार्जर काढला नाही, तर बॅटरी नेमकी कशाने झिजते?

लॅपटॉपचा चार्जर दिवसभर लावून ठेवला की बॅटरीत 'जादा करंट भरतो' आणि ती फुगते, असा एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. खाली उपायही दिलेला असतो: रोज बॅटरी शून्यावर आणा, मगच चार्ज करा. यातलं निदान चुकीचं आहे आणि उपाय त्याहून वाईट. शून्यावर आणण्याची शिफारस जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे, लिथियम-आयनला ती उलट बाधते. पण निरोप लिहिणाऱ्याला जे दिसलं ते खोटं नाही. कायम चार्जरवर असलेल्या लॅपटॉपची बॅटरी फारशी न वापरताही झिजते.

जादा करंट मात्र कुठेच भरत नाही. सेलचं व्होल्टेज ठरलेल्या टोकाला, म्हणजे बनावटीनुसार 4.2 ते 4.4 व्होल्टच्या आसपास पोचलं की सर्किट करंट कमी करत नेतं आणि शेवटी तोडतं. पुढे लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरच्या विजेवर चालतो आणि बॅटरी बसून राहते. गोम तिथंच आहे. ती पूर्ण भरलेल्या अवस्थेत, लॅपटॉपच्या उबेत बसून राहते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या एका मित्राचं वर्कशॉप आहे. पत्र्याच्या शेडला लागून छोटी केबिन, त्यात टेबलावर लॅपटॉप, त्यावर जॉबची ड्रॉइंग. चार्जर सॉकेटमधून निघतो तो फक्त घरी जाताना. 'तीन वर्षांत बॅटरी वापरलीच नाही, मग संपली कशी?' हा त्याचा प्रश्न. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आम्ही एवढंच टाइप केलं:

```
powercfg /batteryreport
```

यातून battery-report.html नावाची फाइल तयार होते आणि ती कुठे आहे तेही स्क्रीनवर दिसतं. त्यात DESIGN CAPACITY होती 50,000 mWh, FULL CHARGE CAPACITY 39,000 mWh आणि CYCLE COUNT फक्त 41. म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत 22 टक्के क्षमता गेली, तीही जेमतेम 41 वेळा भरून-उतरून. एवढी कमी आवर्तनं पाहता ही झीज मुख्यतः वापराची नाही. ती वयाची आहे.

वय होतं म्हणजे काय होतं? सेलच्या ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं, कार्बनचे एकावर एक थर. चार्ज करताना लिथियम या थरांमध्ये शिरतं. दोन टोकांमधल्या द्रवात बहुतेक वेळा एथिलीन कार्बोनेटसारखे द्रावक असतात आणि लिथियम भरलेल्या ग्रॅफाइटशेजारी ते टिकू शकत नाहीत. त्यांचं विघटन होतं आणि त्यातून ग्रॅफाइटवर एक पातळ थर बसतो. शास्त्रज्ञ त्याला एसईआय म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यावर ऑक्साइडचा थर बसून आतला धातू वाचतो, तसाच हा थर पुढचं विघटन रोखतो. तो नसता तर लिथियम-आयन बॅटरी काही दिवसही टिकली नसती. फक्त तो बनताना लिथियम खर्च होतं, आणि थरात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. क्षमता घटते ती मुख्यतः इथं.

थर जाड होत जातो तसा वाढण्याचा वेग मंदावतो, कारण द्रावकाला त्यातून आत यायला वेळ लागतो. ढोबळ मानाने झीज काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. मित्राच्या बॅटरीचे आकडे या हिशेबात बसवले, तर पहिल्या वर्षी सुमारे 13 टक्के गेले असतील, दुसऱ्या वर्षाअखेर एकूण 18, तिसऱ्याअखेर 22. चार्जिंग 100 ऐवजी 80 टक्क्यांवर थांबवणारी मर्यादा लॅपटॉपमध्ये लावता येते, नवा लॅपटॉप घेतल्यावर ती लगेच लावण्याचा फायदा म्हणूनच जास्त.

आता माझ्या आवडीचा भाग. ग्रॅफाइटमध्ये लिथियम सरसकट भरत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी भरतं. साधारण अर्ध्यापर्यंत ते एकाआड एक थरात बसतं आणि तेव्हा ग्रॅफाइटचं विभव शुद्ध लिथियमच्या तुलनेत सुमारे 0.12 व्होल्ट असतं. पुढे उरलेले थर भरू लागले की ते सुमारे 0.09 वर उतरतं आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथंच राहतं. विभव जितकं खाली, तितका द्रावकावरचा ताण जास्त. आणि लॅपटॉपला 60 टक्के चार्ज दिसतो, तेव्हा आपण साधारण या शेवटच्या पायरीच्या तोंडाशी असतो. याचा अर्थ, ग्रॅफाइटच्या बाजूने पाहिलं तर 80 आणि 100 यांत फारसा फरक नाही. खरा फरक पायरीच्या अलीकडे, 50-55 च्या आसपास पडतो.

मग 80 ची मर्यादा कशासाठी? ती उपयोगी पडते मुख्यतः धन बाजूला. तिथल्या कोबाल्ट किंवा निकेलच्या ऑक्साइडमधून जितकं लिथियम बाहेर काढाल, तितकी त्याची रचना अस्थिर होते. व्होल्टेज वर गेलं की द्रव तिथं ऑक्सिडाइझ होतो, वायू सुटतो, धातूचे थोडे अणू विरघळून पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटवरचा थर बिघडवतात. 80 टक्क्यांवर सेल साधारण 4 व्होल्टच्या आसपास राहतो आणि या क्रिया बऱ्याच मंदावतात. फुगण्यामागेही हाच वायू असतो. टचपॅड वर उचलला जाऊ लागला, झाकण नीट बसेनासं झालं, तर चार्जर काढा आणि बॅटरी बदलून घ्या. ती दाबू नका, टोचू नका.

उष्णता या सगळ्यावर तेल ओतते. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया ढोबळ मानाने दुप्पट वेगाने होतात. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काय असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्यामुळे मर्यादा लावण्याइतकंच लॅपटॉपचं मागचं जाळीदार तोंड मोकळं ठेवणं महत्त्वाचं. त्याऐवजी कुणी मोबाइलला 'बॅटरी डॉक्टर' अ‍ॅप आणि लॅपटॉपला चमकदार स्टिकर चिकटवून आयुष्य वाढल्याचं सांगत असेल, तर त्यांना हा थर स्टिकरने कसा विरघळतो ते विचारा.

मर्यादा लावायची कुठे? लेनोवोच्या Vantage मध्ये Conservation Mode आहे, जुन्या मॉडेलमध्ये तो 60 च्या आसपास थांबतो, नव्यांत 80 च्या आसपास. आसूसच्या MyASUS मध्ये Battery Health Charging आहे, नव्या आवृत्तीत Battery Care Mode या नावाने. डेलच्या बॅटरी सेटिंगमध्ये Primarily AC Use असा पर्याय मिळतो. लिनक्सवर हार्डवेअरची साथ असेल तर हे चालतं:

```
echo 80 | sudo tee /sys/class/power_supply/BAT0/charge_control_end_threshold
```

काही मशीनवर बॅटरीचं नाव BAT1 असतं, आणि रीस्टार्टनंतर आकडा पुसला जाऊ शकतो.

मित्राने 80 ठेवलं. त्याच्या बॅटरीत आता 39,000 mWh म्हणजे 39 वॉट-तासांपैकी 31 उरतात. ड्रॉइंगच्या कामात लॅपटॉप 25 वॉट ओढतो असं धरलं, तर लाइट गेल्यावर सव्वा तास मिळतो, त्याला पुरतो. ज्यांना पावसाळ्यात दोन-तीन तास काढावे लागतात किंवा दिवसभर बाहेर हिंडावं लागतं, त्यांनी आदल्या रात्री मर्यादा काढावी. एखाद-दोन रात्री 100 वर राहिल्याने काही बिघडत नाही, झीज महिनोन्‌महिने तिथं बसून राहिल्याने होते. मर्यादा कायम असली की चार्ज मोजणाऱ्या चिपचा अंदाज हळूहळू चुकू लागतो, 30 टक्के दाखवत असताना लॅपटॉप एकदम बंद पडू शकतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा 100 पर्यंत भरून, पार खाली जाऊ न देता 10-15 पर्यंत उतरवावी आणि पुन्हा मर्यादा लावावी.