चार्जिंग-पार्किंग, नागपूर

विद्युत मोटार उभी करून तिची बॅटरी भरता यावी म्हणून चार्जरलगत आखून ठेवलेली पार्किंगची जागा. नागपुरात अशा जागा पेट्रोल पंप, मॉल, हॉटेले आणि अपार्टमेंटच्या तळमजल्यावर आढळतात.

पहिल्या जागेविषयी दोन मते प्रचलित आहेत. एका मताप्रमाणे मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्र यांनी शहरात विद्युत टॅक्सींचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा उभारलेली चार्जिंग केंद्रे ही सुरुवात होय. दुसरे मत त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या पंपावर सुरू झालेल्या केंद्राला हा मान देते. पेट्रोल पंपावरचे देशातील पहिले केंद्र म्हणून त्याचा गाजावाजाही झाला. ‘देशात पहिले’ हे विशेषण मात्र जपून वापरावे, कारण बंगळुरूत रेवा मोटारी २००१ च्या सुमारासच रस्त्यावर आल्या होत्या. नागपुरापुरते पाहता मे महिन्याची तिथी अधिक ग्राह्य वाटते. ती केंद्रे मुख्यतः टॅक्सींच्या ताफ्यासाठी होती. कोणती गाडी कधी लावायची हे ताफा चालवणारी कंपनीच ठरवी, आणि तक्रारी होत त्या लांब रांगांच्या. जागा सर्वांना खुली झाल्यावर ‘गाडी लावण्याचा हक्क कोणाचा’ हा प्रश्न आला.

ओळखीची खूण म्हणून हिरवी नंबरप्लेट उपयोगी पडते. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार विद्युत वाहनाला हिरवी पाटी असते. खासगी गाडीवर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीवर पिवळी. पेट्रोलवरच चालणाऱ्या साध्या हायब्रीड गाडीला ती मिळत नाही. पण पाटी पाहून गाडी विजेवर चालते एवढेच कळते, ती चार्ज होत आहे की नुसती उभी आहे हे कळत नाही. जमिनीवरच्या हिरव्या रंगालाही आपोआप कायद्याचे बळ येत नाही. सार्वजनिक रस्त्यावरील वाहनतळ ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ खाली राज्य शासन वा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे असतो. मॉल वा पंपाच्या आवारात मालकाचा नियम चालतो, म्हणून तेथे पेट्रोल गाडी घुसली की लोक वाहतूक पोलिसांकडे नव्हे, सुरक्षारक्षकाकडे धाव घेतात.

खरा वाद दोन हिरव्या पाट्यांमध्ये होतो. समजा, ६० किलोवॉटचा दोन गनचा चार्जर आहे. दोन्ही गाड्या लागल्यावर अशी अनेक यंत्रे शक्ती निम्मी-निम्मी वाटतात, म्हणजे प्रत्येकी ३० किलोवॉट. ३० युनिटांच्या बॅटरीत २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत जायला १८ युनिट लागतात. हिशेबाने ३६ मिनिटे, प्रत्यक्षात पाऊण तासाच्या आसपास. त्यापुढे बॅटरी प्रवाह कमी घेते, आणि उरलेल्या सहा युनिटांसाठी जवळपास तेवढाच वेळ जाऊ शकतो. मालक शंभर टक्क्यांचा हट्ट धरून जेवायला गेला, तर मागचा ताटकळतो. चार्जिंग संपले तरी अनेक गाड्यांत मालकाने लॉक उघडल्याखेरीज गन सुटत नाही, त्यामुळे ती काढून आपल्या गाडीला लावण्याची सोय नसते. वाट पाहणाऱ्याने यंत्राच्या पडद्यावरचे किलोवॉट पाहावेत. आकडा एक अंकी झाला असेल तर गाडी शेवटच्या टप्प्यात असण्याची शक्यता अधिक. नवतपात हे गणित आणखी बिघडते. उघड्यावर तापलेली बॅटरी स्वतःच प्रवाह घटवते, तेव्हा आकडा उतरलेला दिसूनही गाडी अर्धीच भरलेली असू शकते. काही केंद्रे चार्जिंगनंतर जागा अडवल्याचा आकार लावतात. सांगून उपयोग होत नाही तिथे तोच कामी येतो.

अपार्टमेंटमधील प्रश्न वेगळ्या मुळाचा आहे. नागपुरात बऱ्याच इमारती सहकारी संस्थेऐवजी १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. पार्किंग कोणाच्या वापराचे, हे तेथे इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रावरून ठरते. स्टिल्ट पार्किंग गॅरेज म्हणून स्वतंत्र विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल अशा भांडणांत हमखास पुढे केला जातो. पण तो १९६३ च्या सदनिका कायद्यावर बेतलेला असल्याने आधी घोषणापत्र वाचणे श्रेयस्कर. २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. आपल्या वाट्याच्या जागेत, आपल्या मीटरवर लावलेला चार्जर त्यामुळे फारसा वादात सापडत नाही. भांडण होते ते सामाईक मीटरवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून. त्यातून तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे रात्रभरात वीस-पंचवीस. रात्री झोपताना आणि सकाळी सामाईक मीटरची नोंद घेतली की पंप आणि लिफ्टच्या नेहमीच्या वापराहून जास्त किती गेले ते दिसते. मग अध्यक्ष सब-मीटर बसवायला सांगतात.