आधी इमेज, मग रिकव्हरी: तुमची मूळ डिस्क आम्ही बाजूला का ठेवतो

“मला फक्त फोटो हवेत हो, बाकी काही नको. मग अख्खी डिस्क कॉपी करण्यात दोन-तीन दिवस कशाला घालवता?” आमच्या डेटा रिकव्हरीच्या काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो. दोन-तीन दिवस थांबणं सोपं नसतं, त्यामुळे त्याचं उत्तर नीट मिळायला हवं. त्यासाठीच हे पत्रक.

डिस्कवरची जागा सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. इमेज म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंतची जशीच्या तशी नक्कल. फोल्डर उघडून फायली कॉपी केल्या, तर विंडोजला जेवढ्या दिसतात तेवढ्याच येतात. इमेजमध्ये मोकळी दिसणारी जागा, डिलीट झालेल्या फायलींचे उरलेले तुकडे आणि मोडलेली फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही, हे सगळं जिथल्या तिथे येतं. त्यानंतर शोधाशोध आणि दुरुस्ती नकलेवर होते. मूळ ड्राइव्ह अँटीस्टॅटिक पिशवीत घालून, तुमचं नाव लिहून कपाटात जातो.

गेल्या वर्षी लग्नाचे फोटो काढणारे एक गृहस्थ १ टीबीचा पोर्टेबल ड्राइव्ह घेऊन आले होते. ड्राइव्ह टेबलावरून पडला होता. जोडला की दिसायचा, पण फोल्डर उघडला की कॉम्प्युटर अडकायचा. आमच्याकडे येण्याआधी भाच्याने रात्रभर CHKDSK हे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन चालवलं होतं. सकाळी `FOUND.000` नावाचा फोल्डर तयार झाला होता. त्यात `.CHK` फायलींचा ढीग होता आणि लग्नांची नावं असलेले कितीतरी फोल्डर गायब होते.

यात भाच्याची चूक एवढीच, की त्याने ते मूळ ड्राइव्हवर चालवलं. CHKDSK चं काम फाइल सिस्टीमचा हिशेब जुळवणं हे आहे, तुमच्या फायली वाचवणं नाही. एखाद्या फाइलची नोंद वाचता आली नाही, तर ती काढून टाकून हिशेब जुळवला जातो. फोटोंचे बाइट डिस्कवर असतात, पण कोणते बाइट कोणत्या फोटोचे हे सांगणारी नोंद गेलेली असते. शिवाय हे सगळं त्याच डिस्कवर लिहिलं जातं, त्यामुळे मागे फिरता येत नाही.

लिहिण्याचा धोका आणखी एका ठिकाणी असतो. जो सेक्टर ड्राइव्हला नीट वाचता येत नाही, त्याची नोंद तो ‘प्रलंबित’ म्हणून ठेवतो. ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवतो, त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये हा आकडा १९७ क्रमांकाच्या ओळीत, `Current_Pending_Sector` या नावाने दिसतो. या ड्राइव्हवर तो ३१२ होता. असा सेक्टर पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर कधीकधी वाचला जातो. पण त्यावर काही लिहायला गेलं, की जुना मजकूर मिटतो किंवा ड्राइव्ह त्या जागी राखीव सेक्टर लावून टाकतो. दोन्हीकडे जुना मजकूर परत मिळत नाही.

आता वाचनाबद्दल. नुसतं वाचल्याने काय बिघडणार, असं वाटतं. निरोगी ड्राइव्हचं काही बिघडत नाही. पण हार्ड डिस्कचा हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतो. ड्राइव्ह पडून तबकडीवर ओरखडा आला असेल, तर त्या जागेवरून जाणारी प्रत्येक फेरी हेडला मारक ठरू शकते. खराब सेक्टर लागला की ड्राइव्ह स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचू पाहतो, वरून विंडोज परत मागतं. तुमची स्क्रीन गोठलेली दिसते, तेव्हा आत हेच चाललेलं असतं. घरी एक रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं, जमलं नाही म्हणून दुसरं लावलं, मग तिसरं, तर प्रत्येक सॉफ्टवेअर अख्खी डिस्क नव्याने वाचतं. अशा ड्राइव्हचं आयुष्य किती उरलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून जे वाचायचं ते एकदाच आणि सोप्या जागांपासून सुरुवात करून वाचायचं.

त्यासाठी आम्ही लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वापरतो. पहिली फेरी अशी:

```
ddrescue -d -n /dev/sdb photo.img photo.map
```

इथे `/dev/sdb` म्हणजे तुमचा ड्राइव्ह आणि `photo.img` म्हणजे इमेज. ही इमेज आमच्या वेगळ्या, मोठ्या डिस्कवर तयार होते. या फेरीत खराब जागा लागली की तिथे हट्ट न धरता पुढे उडी मारली जाते. काय वाचलं आणि काय राहिलं, याची नोंद `photo.map` मध्ये होत राहते. ड्राइव्ह मध्येच अडकला तर बंद करून, थंड होऊ देऊन, जिथे थांबलो तिथूनच पुढे जाता येतं. आधी वाचलेल्या भागाला पुन्हा हात लावावा लागत नाही. इमेज फाइलऐवजी थेट दुसऱ्या डिस्कवर नक्कल घेताना कमांडमध्ये कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली, तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी ड्राइव्हचा सिरीयल नंबर दोघांनी मोठ्याने वाचायचा, हा आमचा नियम आहे.

धडधाकट ड्राइव्ह सेकंदाला १०० एमबी या वेगाने वाचला, तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. या ड्राइव्हला पहिल्या फेरीतच साडेसहा तास लागले आणि त्यात सुमारे २ जीबी राहून गेले. मग एक अख्खी रात्र त्या अवघड जागा कडेकडेने खरवडण्यात गेली. सकाळी राहिलेला भाग ३.४ एमबी होता. आणखी तीन प्रयत्नांसाठी `-r3` लावलं आणि ते चालू असतानाच ड्राइव्ह ओळखला जाईनासा झाला. तो नंतर परत आला नाही. पहिल्याच दिवशी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून बसलो असतो, तर बहुधा स्कॅन अर्ध्यावर असताना तो गेला असता.

पुढचे चार दिवस आम्ही निर्धास्त होतो. पहिल्या सॉफ्टवेअरने पार्टिशनची सुरुवात चुकीची धरली आणि निम्मे फोटो उघडेनात. ते सगळं पुसलं आणि त्याच इमेजवर नव्याने सुरू केलं. CHKDSK ने ज्या फोल्डरांच्या नोंदी खाल्ल्या होत्या, तिथले फोटो `FF D8 FF` या जेपेगच्या सुरुवातीच्या खुणेवरून शोधावे लागले. फोटो मिळाले, नावं मिळाली नाहीत. तुकड्यातुकड्यांनी साठवलेले काही व्हिडिओ या पद्धतीने जुळलेच नाहीत. शेवटी इमेजच्या एका प्रतीत न वाचलेल्या ३.४ एमबीच्या जागी एक ठरावीक शब्द भरला आणि काढलेल्या फायलींत तो शोधला. ११ फोटो आणि १ व्हिडिओमध्ये तो सापडला, म्हणजे तेवढ्याच फायली अपुऱ्या होत्या. त्या बारा फायलींची यादीच गिऱ्हाइकाच्या हातात दिली, म्हणजे त्यांना हजारो फोटो उघडून बघावे लागले नाहीत.

इमेजने सगळं साधतं असं नाही. ड्राइव्हमधून टकटक आवाज येत असेल, तर आम्ही इमेजही घेत नाही. आधी धूळमुक्त कक्षात हेड बदलावा लागतो आणि ती सोय आमच्याकडे नाही, हे आम्ही तुम्हाला तिथेच सांगू. एसएसडीवरून डिलीट केलेल्या फायली ट्रिममुळे, म्हणजे मोकळी झालेली जागा एसएसडीने स्वतःच साफ केल्यामुळे, आधीच गेल्या असतील, तर त्या इमेजमध्येही नसतात. ड्राइव्हला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की सोबत आणा.

ड्राइव्ह बंद करून, त्याच्या मूळ खोक्या आणि केबलसकट आणा. काही खोक्यांतली सर्किटच डेटा कुलूपबंद करते, त्यामुळे ड्राइव्ह उघडून काढू नका. विंडोजने फॉरमॅट करू का असं विचारलं तर ‘Cancel’ दाबा. काम झाल्यावर फायली तपासायला तुमच्याकडे १५ दिवस असतात. तोवर इमेज आमच्याकडे राहते आणि तुम्ही लेखी होकार दिलात की ती पुसली जाते, कारण त्यात तुमच्या फोटोंबरोबर बँकेचे कागद आणि पासवर्डही असतात.