दोन टेकड्यांमध्ये वायरलेस लिंक: खांब उभारण्याआधी मधली जमीन तपासा

"समोरची टेकडी स्वच्छ दिसते, मग लिंक का बसणार नाही?" हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. दिसणं आवश्यक आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. रेडिओ लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत. दोन अँटेनांच्या मध्ये त्या लांबट फुग्यासारख्या पसरतात. या फुग्याला फ्रेनेल झोन म्हणतात, आणि त्याच्या त्रिज्येचा निदान 60 टक्के भाग मोकळा लागतो.

म्हणून आधी दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश घेऊन आम्ही मधल्या जमिनीचा उंचीचा आलेख काढतो. आलेखात उभी उंची ताणून दाखवलेली असते, त्यामुळे साधा चढही कड्यासारखा वाटतो. त्याला घाबरू नका, आकडे पाहा.

उदाहरणार्थ, टेकड्या 16 किलोमीटर अंतरावर आहेत. पहिलीची उंची 910 मीटर, दुसरीची 870, आणि दोन्हीकडे 9 मीटरचे खांब. पहिलीपासून 6 किलोमीटरवर 880 मीटर उंचीची धार आडवी येते. दोन अँटेना जोडणारी रेषा तिथे 904 मीटरवर असते, म्हणजे धारेच्या 24 मीटर वर. ऐसपैस वाटतं ना? आता वजाबाकी करू. पृथ्वीच्या गोलाईमुळे मधली जमीन साधारण 3.5 मीटर वर आल्यासारखी धरावी लागते. 5.8 गिगाहर्ट्‌झला त्या ठिकाणी फुग्याची त्रिज्या 14 मीटर, तिचे 60 टक्के म्हणजे साडेआठ. धारेवर 12 मीटरची झाडं असली, की 24 मीटर संपले. शिल्लक शून्य.

आलेखाच्या आकड्यांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत बहुतेकदा 2000 साली अवकाशयानातल्या रडारने केलेलं मोजमाप असतं, साधारण दर 30 मीटरला एक आकडा. अरुंद धारेचं टोक त्यात बोथट होतं. झाडी कधी अर्धवट धरली जाते, कधी धरलीच जात नाही, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढलेली झाडं तर त्यात असणारच नाहीत. म्हणून आमचा माणूस धारेवर स्वतः जाऊन झाडांची उंची मोजतो. एप्रिल-मे महिन्यात सागाची पानं गळालेली असतात, तेव्हा जोडलेली लिंक पावसाळ्यात ढेपाळते. लोक पावसाला दोष देतात, पण 5.8 गिगाहर्ट्‌झवर पावसाचा परिणाम फार थोडा असतो. खरा अडसर म्हणजे ओल्या पानांनी भरलेली झाडं.

वरच्या उदाहरणात आम्ही आणखी 5 मीटर मोकळीक मागू. धार पहिल्या टेकडीला जवळ आहे, त्यामुळे तिथला खांब 8 मीटरने उंच केला की काम होतं. तेवढंच दुसऱ्या टेकडीवरून साधायचं तर 13 मीटर वाढवावे लागतील. अडथळा ज्याच्या जवळ, खांब तिथला वाढवा. लोखंड, ताण-तारा आणि पाया, तिन्हींचा खर्च वाचतो.

कोटेशन मागताना दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश आणि मधल्या झाडीचे एक-दोन फोटो पाठवा.