हाफ ब्रिज म्हणजे नेमके किती? लोड सेलमधल्या गेज-मांडणीची पार्श्वभूमी

पोलादाची एकच पट्टी, ताणल्यावर रोध बदलणारी तीच दोन गेज, वजन तेच आणि इंडिकेटरवर निवडही तीच, ‘हाफ ब्रिज’. तरीही दुसरे गेज कुठे चिकटवले आहे यावरून वाचन 262, 170 किंवा 131 मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीच्या तितके दशलक्षांश ताण, येऊ शकते. तिन्ही वेळा गेज चांगले असते, तारा बरोबर जोडलेल्या असतात, इंडिकेटरही नीट चालत असतो. घोळ असतो तो शब्दात, आणि त्याला बराच जुना इतिहास आहे.

चार रोध चौकोनात जोडून रोधातला बारीक बदल मोजणारा चार भुजांचा ब्रिज 1833 मध्ये मांडला गेला आणि 1843 नंतर सर्वांना परिचित झाला. तार ताणली की तिचा रोध बदलतो, हे 1856 मध्ये तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारांवर दाखवले गेले, आणि त्या प्रयोगातही मापन ब्रिजनेच केले होते. म्हणजे तत्त्व आणि साधन एकत्र आले होते. मात्र त्यातून चिकटवता येईल असे गेज तयार व्हायला आणखी ऐंशीएक वर्षे लागली. 1938 मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत, एकमेकांची खबर नसताना, बारीक तार कागदावर चिकटवून केलेली गेज पुढे आली. 1952 च्या सुमारास इंग्लंडमध्ये धातूच्या पातळ पत्र्यावर कोरून काढलेले फॉइल गेज आले. आज लोड सेलमध्ये, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, बहुतेक तेच असते.

ब्रिजच्या मांडण्यांची नावे गोंधळात कशी पडली, हे कळायला तार-गेजच्या काळातली मोजण्याची रीत पाहावी लागते. तेव्हा रीडिंग बहुधा शून्यावर आणून घेत. गेजमुळे ब्रिजचा तोल ढळला की तबकडी फिरवून तो पुन्हा साधायचा आणि तबकडीवरचा आकडा लिहून घ्यायचा. मोठी अडचण तापमानाची होती. ऊन लागले की गेजचा रोध आपोआप बदले आणि वजन नसतानाही स्ट्रेन दिसे. त्यावरचा उपाय म्हणजे डमी गेज. तसेच दुसरे गेज त्याच धातूच्या, पण भार नसलेल्या तुकड्यावर चिकटवायचे, तो तुकडा शेजारीच ठेवायचा आणि हे गेज ब्रिजच्या लगतच्या भुजेत जोडायचे. दोन्ही गेज सारखीच तापतात, आणि लगतच्या भुजांतले बदल एकमेकांतून वजा होत असल्याने तापमानाचा परिणाम निघून जातो.

या मांडणीत खोक्याबाहेर दोन गेज असत आणि खोक्याच्या आत दोन पक्के रोध. तारा जोडणाऱ्याला अर्धा ब्रिज बाहेर दिसे, म्हणून तो याला हाफ ब्रिज म्हणे. त्यात त्याचे काही चुकत नव्हते.

पुढे फॉइलच्या मिश्रधातूवर अशी प्रक्रिया करता येऊ लागली की गेजचा तापमानामुळे होणारा बदल ठरावीक धातूच्या प्रसरणाशी जुळवून जवळपास मिटवता येतो. डमीची गरज कमी झाली. बाहेर एकच गेज आणि उरलेल्या तिन्ही भुजा खोक्यात, ही मांडणी रूढ झाली आणि तिला क्वार्टर ब्रिज म्हटले जाऊ लागले. त्याच सुमारास तबकडी फिरवणे मागे पडले. ब्रिजचा ढळलेला तोलच व्होल्टेज म्हणून मोजायचा आणि सूत्राने त्याचा स्ट्रेन काढायचा, अशी रीत आली. आता सूत्रात किती भुजा सक्रिय आहेत हे सांगणे भाग पडले. इथेच एका शब्दाचे दोन अर्थ झाले. काही जण बाहेर किती गेज आहेत ते मोजत राहिले, तर काही जण किती गेज खरोखर ताणली जातात ते मोजू लागले. डमीसह दोन गेज पहिल्या हिशेबाने हाफ ठरतात, दुसऱ्या हिशेबाने क्वार्टर. दुसरी मोजणीच योग्य, असे माझे ठाम मत आहे, कारण सेन्सिटिव्हिटी तिच्यावरच ठरते.

आता पट्टीचे उदाहरण. पोलादी पट्टी 25 मिमी रुंद आणि 3 मिमी जाड आहे. तिचे एक टोक घट्ट आवळले आहे आणि गेजपासून 200 मिमी अंतरावर 1 किलो वजन टांगले आहे. गेजच्या जागी प्रतिबल साधारण 52 मेगापास्कल येते आणि स्ट्रेन 262 मायक्रोस्ट्रेन. गेज फॅक्टर GF, म्हणजे रोधातला सापेक्ष बदल स्ट्रेन ε च्या किती पट असतो तो आकडा, 2 धरला, तर ब्रिजला दिलेल्या प्रत्येक व्होल्टमागे मिळणारे आउटपुट असे:

```
डमी गेजसह :  GF·ε/4          = 0.131 mV/V
आडवे गेज   :  GF·ε·(1+ν)/4    = 0.170 mV/V
वर-खाली   :  GF·ε/2          = 0.262 mV/V
```

पहिल्या ओळीत दुसरे गेज फक्त तापमान सांभाळते, त्याच्याकडून सिग्नल येत नाही. तिसऱ्या ओळीत एक गेज पट्टीच्या वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला आहे. वरचे जेवढे ताणले जाते तेवढेच खालचे आखडते, म्हणून आउटपुट दुप्पट होते. मधल्या ओळीत दुसरे गेज त्याच पृष्ठभागावर, पण आडवे चिकटवलेले आहे. पट्टी लांबीला ताणली की रुंदीला थोडी आखडते. पोलादात हे आखडणे ताणाच्या साधारण 0.3 पट असते, सूत्रातला ν तो हाच, तेवढीच भर पडते आणि पट 1.3 होते. इंडिकेटरमध्ये ‘हाफ ब्रिज’ निवडले की तो बहुधा तिसऱ्या ओळीचेच सूत्र लावतो. म्हणून बाकीच्या दोन मांडण्यांत वाचन 131 आणि 170 येते, खरा स्ट्रेन मात्र 262 च असतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. बाकावर अशीच पट्टी होती, दुसरे गेज वेगळ्या तुकड्यावर डमी म्हणून लावले होते आणि सेटिंग हाफचे होते. आकडा निम्मा आला आणि आम्ही थेट चिकटवणीवर संशय घेतला. गेज सोलून काढले, पृष्ठभाग पुन्हा घासला, नवे गेज लावले, आणि पुन्हा 131. तेव्हाही मी शंट लावून तपासणी केली होती. 350 ओमच्या भुजेला समांतर 100 किलोओमचा रोध जोडला की ब्रिज सुमारे 0.87 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टने ढळतो, आणि तो तेवढाच ढळला. पण शंट एकाच भुजेचा रोध बदलतो. दुसरे गेज ताणले जाते आहे की नुसते शेजारी पडून आहे, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. ते कळायला माहीत असलेले वजन टांगून, हाताने काढलेल्या स्ट्रेनशी वाचन ताडून पाहणे हाच उपाय आहे. फरक बरोबर दुपटीचा निघाला तर गेजला हात लावू नये, आधी सेटिंग बघावे.

काही उपकरणांच्या सेटिंगमध्ये आता डमीच्या मांडणीला क्वार्टरचाच दुसरा प्रकार म्हणतात आणि आडव्या गेजला व वर-खाली गेजना हाफचे दोन वेगळे प्रकार धरतात. मला ही विभागणी पटते. पण जुन्या सवयीचे खोके आणि जुन्या सवयीचे लोक अजूनही तितकेच आहेत.

लोड सेल बनवणारे क्वार्टरपासून दूर का राहिले, हेही इथे सांगायला हवे. निम्मे आउटपुट हे त्याचे एकच कारण नाही. एकाच भुजेचा रोध बदलतो तेव्हा ब्रिजचे आउटपुट सरळ रेषेत वाढत नाही. 1000 मायक्रोस्ट्रेनला ही चूक साधारण 0.1 टक्का होते, आणि चांगल्या लोड सेलकडून याच्या काही पट कमी चुकीची अपेक्षा असते. वर-खाली मांडणीत एक भुजा वाढते आणि लगतची तेवढीच घटते. त्यामुळे दोघींची बेरीज तीच राहते आणि ही वक्रता उरत नाही.

दुसरे कारण तारांचे. 120 ओमचे एकटे गेज दोन तारांनी जोडले आहे आणि जाऊन-येऊन तारेचा रोध 2 ओम आहे असे समजा. तापमान 10 अंशांनी वाढले की तांब्याच्या तारेचा रोध सुमारे 0.08 ओमने वाढतो, आणि ब्रिजला ते 300 हून जास्त मायक्रोस्ट्रेनसारखे दिसते. वरच्या पट्टीवर 1 किलोपेक्षा जास्त वजन ठेवल्यासारखे! तीन तारांची जोडणी यासाठीच रूढ झाली. तिच्यात एक तार गेजच्या भुजेत येते आणि दुसरी लगतच्या भुजेत, त्यामुळे दोघींची वाढ एकमेकींतून वजा होते. तिसरी तार मीटरकडे जाते आणि तिच्यातून जवळपास प्रवाह जात नाही. तरीही तारेच्या रोधामुळे सेन्सिटिव्हिटी थोडी घटते. भुजेत 1 ओम तार असेल तर 120 ओमच्या गेजला ही घट साधारण 0.8 टक्का होते, 350 ओमच्या गेजला 0.3 टक्का. लोड सेलमध्ये 350 ओम रुळण्यामागे हे एक कारण आहे. त्याच व्होल्टेजला गेज कमी तापते, हे दुसरे.

अलीकडे 24 बिटांचे स्वस्त कन्व्हर्टर आले, काही मिलिव्होल्टचा सिग्नल मोजणे सोपे झाले आणि हाफ ब्रिज पुन्हा घराघरांत पोहोचला. माणसाचे वजन करणाऱ्या काट्याच्या चार कोपऱ्यांत जे तीन तारांचे छोटे सेन्सर असतात, त्यातला प्रत्येक सेन्सर हाफ ब्रिज असतो. आत दोन गेज असतात, वजन पडले की एक ताणले जाते आणि दुसरे आखडते. मधली तार मल्टिमीटरने शोधता येते. दोन टोकांमध्ये जेवढा रोध दिसतो, मधल्या तारेपासून कोणत्याही टोकापर्यंत त्याच्या निम्मा दिसतो. तारांचे रंग सगळीकडे सारखे नसतात, म्हणून रंगावर विसंबू नये.

असा एकच सेन्सर वापरायचा असेल तर उरलेल्या दोन भुजांसाठी बाहेरून दोन सारखे, तापमानाने कमी बदलणारे रोध लावावे लागतात. चार सेन्सर एकत्र जोडले की चौघांच्या मधल्या तारा ब्रिजचे चार कोपरे होतात आणि प्रत्येक भुजेत शेजारच्या दोन सेन्सरचे एकेक गेज मालिकेत येते. चारही भुजा सक्रिय असलेला हा फुल ब्रिज असतो, पण एका सेन्सरवर पडलेला किलो आता भुजेचा निम्माच भाग बदलतो. त्यामुळे त्या किलोमागचे आउटपुट, तो सेन्सर एकटा हाफ ब्रिज असताना मिळायचे त्याच्या निम्मे येते. एका सेन्सरवर काढलेला कॅलिब्रेशनचा गुणक चौघांच्या जोडणीला तसाच लावला, तर काटा वजन निम्मेच दाखवतो.